शिंग, शेकोटी आणि चार वाक्यांचे भाषण



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. कामगारांच्या दारांत आयुष्य घालविलेल्या माणसाने अद्भुतरम्य कादंबरीवर काय बोलावे? आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि एका फाटक्या इंग्रजी शब्दकोशाने केले. त्याच शब्दकोशाच्या आधाराने आम्ही जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी पाच महिन्यांत वाचून काढली. तिच्या शेवटच्या खंडात, म्हणजे १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भागात, गांजलेल्या खेडुतांना उठविण्याचा एक प्रसंग आहे. त्या प्रसंगाचे आम्हांस जे दिसले ते आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आधी कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. शायर नावाचा एक मुलूख आहे. (हा शायर शेरोशायरीतला नव्हे, प्रांताचे नाव आहे.) तेथे हॉबिट नावाचे बुटके, खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडी करणारे लोक राहतात. त्यांतले चौघे, फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन, मोठ्या युद्धासाठी दूर गेलेले असतात. युद्ध संपवून ते घरी येतात, तो मुलूख ओळखू येत नाही. त्यांच्यातलाच लोथो नावाचा एक श्रीमंत 'चीफ' होऊन बसला आहे. त्याने बाहेरून गुंड आणले आहेत. पिकलेले धान्य 'सर्वांत वाटण्यासाठी' म्हणून गोळा होते आणि परत येत नाही. बिअर बंद, झाडे तोडलेली, भिंतींवर नियमांच्या याद्या. पूर्वी साऱ्या मुलखाला बारा शिरिफ, म्हणजे आपल्याकडच्या जागल्यासारखे रखवालदार, पुरत असत. आता ते शेकड्यांनी आहेत, आणि तेही गावचेच लोक आहेत. बोलणाऱ्याची रवानगी तुरुंगात होते.

आता अशा ठिकाणी वीरपुरुष आले, म्हणजे वाचकाची काय अपेक्षा असते? एक उंच चौथरा, खाली दमलेले गाव, आणि वरून गडगडणारे भाषण. आम्हीही तीच अपेक्षा धरून पाने उलटीत होतो. त्याच कादंबरीत थोडे आधी थिओडेन नावाचा राजा रणांगणावर आपल्या स्वारांना चेतवितो. ते भाषण फार गाजलेले आहे. पण ते स्वार लढण्याचे ठरवूनच घरून निघाले होते. राजाने त्यांना फक्त वेग दिला. गावकऱ्याचे तसे नसते. त्याने अजून काहीच ठरविलेले नसते, आणि त्याच्या मागे बायकापोरे उभी असतात.

म्हणून शायरमधले भाषण वेगळे आहे. बायवॉटर या गावी पोचल्यावर पाचसहा गुंड या चौघांना अडवितात आणि तलवारी पाहून पळतात. मग चौघांत विचारविनिमय होतो, आणि मेरी बोलतो. ऐकणारे फक्त तीन मित्र. गावकरी एकही नाही. त्याच्या बोलण्याचा आशय आमच्या शब्दांत सांगावयाचा तर असा : आता सगळे शायर उठविले पाहिजे. लोकांना हे सारे मनापासून नकोसे झाले आहे. पण ते इतकी वर्षे सुखात राहिले की, करावयाचे काय हेच त्यांना कळत नाही. फक्त एक काडी ओढावयास हवी. आणि ती आत्ताच ओढली पाहिजे, कारण हे चीफची माणसेही जाणतात, आणि ती आपणांस लवकरच चिरडावयास येतील.

बस्स, इतकेच. यात शौर्याची स्तुती नाही, पूर्वजांची आठवण नाही. लोक काय सोसतात, ते का हलत नाहीत, त्यांना काय हवे, आणि वेळ किती उरला, एवढ्या चारच गोष्टी आहेत. यांतली दुसरी सर्वांत महत्त्वाची. मेरी त्यांना भेकड म्हणत नाही. दमलेल्या माणसाला भेकड म्हटले, की तो एक तर मान खाली घालतो, नाहीतर घरी जातो.

मग मेरी शिंग फुंकतो. परदेशाहून मिळालेल्या त्या शिंगाचा नाद गावाने कधी ऐकला नव्हता. पण थोड्या वेळाने तो त्याच शिंगातून एक जुना, ओळखीचा इशारा वाजवितो : संकट, आग, शत्रू आले, जागे व्हा. लोक कंदील आणि कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडतात. सॅम तोवर कॉटन नावाच्या शेतकऱ्याकडे धावला आहे. हा कॉटन सांगतो, की वर्षभर माझे हात शिवशिवत होते. पण लोक साथ देईनात, आणि घरात बायको आणि मुलगी होती.

श्रोतेहो, येथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कॉटन म्हणतो, लोक साथ देईनात. शेजाऱ्याला विचारले असते तर तोही कदाचित तेच म्हणाला असता! प्रत्येक घरात राग होता, पण आपल्या घरापुरताच आहे अशी प्रत्येकाची समजूत होती. ज्याला आपण थकवा म्हणतो, त्यातला निम्मा थकवा हा एकटेपणाचा असतो. शिंगाने राग निर्माण केला नाही. एकाच क्षणी सर्व दारे उघडली, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचे दार उघडलेले पाहिले.

पुढे रस्त्यावर मोठी शेकोटी पेटते. ऊब हवी म्हणून पेटते, तशीच चीफने मनाई केली आहे म्हणूनही पेटते. सर्वांनी मिळून सर्वांदेखत मोडता येईल असा हा लहानसा नियम होता. पाठविलेले शिरिफ आधी बावचळतात. मग वारा कुठला ते पाहून बहुतेकजण टोपीतले पीस, म्हणजे नोकरीची खूण, काढून लोकांत मिसळतात. याची तयारीही आधीच झालेली असते. आदल्या दिवशी एक ओळखीचा शिरिफ सॅमला सांगतो, की ही नोकरी सोडावयाची परवानगी नाही. तेव्हा सॅम त्याला शिव्या देत नाही, त्याच्याशी माणसासारखा बोलतो. वाट उघडी ठेवली होती म्हणून ते परत येऊ शकले.

शेकोटीभोवती शंभराहून अधिक हॉबिट जमतात. कोणाकडे कुऱ्हाड, कोणाकडे हातोडा, कोणाकडे काठी. कॉटन विचारतो, आता पुढे काय? अगदी भाषणाची वेळ! आणि फ्रोडो उलट प्रश्न करतो : गुंड किती आहेत? कॉटन हिशेब देतो. साऱ्या मुलखात तीनशेंच्या वर नसावेत, चीफच्या जवळपास विसाहून क्वचितच कमी. मेरी विचारतो, हत्यारे कोणती? चाबूक, सुरे, सोटे. काहींजवळ धनुष्येही आहेत. आणि हा हिशेब देता देता कॉटनच म्हणून जातो, की एकजूट राहिली तर आपण त्यांना भारी आहोत. ते वाक्य वीराच्या तोंडी नाही, गावकऱ्याच्या तोंडी आहे. आमच्या मते साऱ्या प्रसंगातले खरे भाषण तेच.

येथे आम्ही आमची एक चूक सांगतो. तरुणपणी एका कारखान्याच्या दारावर आम्ही तासभर बोललो. टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवावयाचे होते. बाहेर राहिले अकरा जण, आणि त्या अकरांची नोकरी गेली. सभेनंतर एका म्हाताऱ्या फिटरने आम्हांला विचारले होते, "साहेब, खात्याखात्यांतले किती जण बोलले तुमच्याशी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. टाळ्या मोजल्या होत्या, माणसे मोजली नव्हती. भाषण फसल्याची खूण ही : ऐकणारा वक्त्याचे कौतुक करीत घरी जातो. साधल्याची खूण ही, की ऐकणारा शेजाऱ्याशी बोलू लागतो आणि पुढच्या कामाचे विचारतो.

त्या रात्री वीसेक गुंड चाल करून येतात, तेव्हा शेकोटीजवळ हात शेकीत एकटा उभा असतो तो कॉटन. तलवारवाला वीर नव्हे, बायको आणि मुलीच्या काळजीने वर्षभर थांबलेला तोच शेतकरी. बाकीचे अंधारात दबा धरून असतात. गुंडांचा नायक मेरीवर धावून जातो आणि चार बाण लागून पडतो. उरलेले शरण येतात. पिपिन चौदा मैलांवरच्या आपल्या टूक घराण्याकडे जाऊन सकाळी शंभर माणसे आणतो. हे टूक पहिल्यापासून गुंडांना आपल्या हद्दीत शिरू देत नव्हते. उलट, फ्रेडेगर नावाच्या धाडसी तरुणाने काही साथी घेऊन डोंगरातल्या बिळांत आश्रय घेतला होता. गुंडांनी त्यांना धूर करून बाहेर काढले, आणि तुरुंगातून सुटला तेव्हा त्याला उचलून आणावे लागले. धैर्य त्याच्याजवळ कमी नव्हते. गाव त्याच्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी बायवॉटरची लढाई झाली. सत्तरच्या आसपास गुंड मेले. हॉबिट मेले एकोणीस, जखमी तीसेक. लढाईत भाग घेतलेल्या सर्वांची नावे शायरच्या इतिहासकारांनी पाठ करून ठेवली. लेखकाने ही किंमत लपविलेली नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते. टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होते. फ्रोडोने आरंभीच बजावले होते, की कोणत्याही हॉबिटने हॉबिटला मारावयाचे नाही, मग तो चीफच्या बाजूचा का असेना. लढाईत त्याने तलवार उपसली नाही. शरण आलेल्यांना संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून वाचविणे हेच त्याने केले. लोकांना उठविणाऱ्याने राग कोठे थांबवावयाचा ते राग पेटण्यापूर्वी सांगावे लागते. नंतर कोणी ऐकत नाही.

मात्र या कथेला मर्यादा आहेत. गुंड तीनशेच होते, आणि मोठे युद्ध दूर कोठेतरी आधीच जिंकले गेले होते. चौघांजवळ तलवारी होत्या आणि रणांगणाचा अनुभव होता. एवढी अनुकूलता प्रत्यक्षात मिळत नाही. टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्टच लिहिले आहे, की हे प्रकरण म्हणजे त्या वेळच्या इंग्लंडचे चित्र नव्हे. तेव्हा आम्ही त्यातून राजकारण काढीत नाही. २००३ सालच्या चित्रपटात तर हा उठाव गाळलाच आहे. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला, त्यांना कॉटन ठाऊकही नसेल.

म्हणून ही कादंबरी वाचाल तेव्हा शिंगाच्या नादाजवळ थांबू नका. त्यानंतरची दोन पाने सावकाश वाचा, जेथे एक शेतकरी विचारतो, आता पुढे काय, आणि त्याला व्याख्यान न देता उलट विचारले जाते : ते किती आहेत? त्या फिटरला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. पण त्यानंतर कोणत्याही दारावर आम्ही तोंड उघडण्यापूर्वी खात्याखात्यांतून फिरून येतो, आणि वहीत नावे असल्याखेरीज खोक्यावर चढत नाही.