आधीचं दळण

आज बोलायचं आहे ते एका कपाविषयी: ग्राइंडरची सेटिंग बदलल्यानंतर निघालेला पहिला एस्प्रेसो. ही चव नव्या सेटिंगची, असं समजून आपण तो पितो. खरं तर त्यात दोन सेटिंगांची पूड मिसळलेली असते.

पिठाच्या गिरणीत उपवासाची भाजणी दळायला नेणारी माणसं आधी विचारतात, ‘याच्याआधी काय दळलंत?’ जात्यात आणि तोंडाशी आधीचं पीठ उरलेलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये तेच घडतं. दातेरी चकत्यांच्या मध्ये, त्यांच्या भोवतीच्या पोकळीत आणि पूड बाहेर येते त्या नळीत काही ग्रॅम कॉफी अडकून राहते. या अडकण्याला रिटेन्शन म्हणतात. आडव्या, लांब नळीच्या जुन्या कॅफे-ग्राइंडरमध्ये ते जास्त असतं. उभी, आखूड वाट असलेल्या यंत्रांत पुष्कळच कमी.

आता एक उदाहरण घेऊ. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २८ सेकंदांत यावी अशी आपली अपेक्षा आहे. ती २१ सेकंदांतच येते आणि आंबट, पाणचट लागते. आपण ग्राइंडर एक खूण बारीक करतो. समजा यंत्रात ५ ग्रॅम जुनी, भरड पूड अडकलेली आहे. पुढच्या १८ ग्रॅममध्ये तिचा बराचसा भाग उतरतो, आणि शॉट २३ सेकंदांत संपतो. ‘फार फरक पडला नाही’ असं म्हणून आपण आणखी एक खूण बारीक करतो. इथेच घात होतो. पहिल्या बदलाचा परिणाम अजून पूर्ण दिसलेलाच नव्हता, आणि त्यावर दुसरा बदल चढला. त्यानंतरच्या शॉटला ३५ सेकंद लागतात. सेटिंगला हात न लावता काढलेला त्याच्या पुढचा ४० सेकंदांवर जातो, कडू आणि तुरट. घाबरून आपण उलटं, भरड करतो, तर आता अडकलेली बारीक पूड तोही शॉट लांबवते. खरं उत्तर पहिल्याच खुणेवर होतं. दोष हाताचा नव्हता. आपण शिळ्या बातमीवर निर्णय घेत होतो.

उपाय म्हणजे पर्ज करणं: सेटिंग बदलली की थोडी कॉफी दळून टाकून द्यायची, मग चव पाहायची. बारीक करताना मोटर चालू ठेवून खूण सरकवावी, नाहीतर चकत्यांमध्ये अडकलेले तुकडे दाबले जाऊन त्या आवळतात. किती टाकायची, हे यंत्रावर अवलंबून आहे. अडकलेली पूड रांगेत उभी राहून आधी आलेली आधी बाहेर पडत नाही. काही लगेच निघते, काही कोपऱ्यात बसून राहते आणि पुढच्या दळणात थोडी थोडी येते. म्हणून ५ ग्रॅम अडकत असतील, तर नुसते ५ ग्रॅम टाकून काम भागेलच असं नाही.

आपल्या यंत्राचं माप काढायला सोपी चाचणी आहे. आधी गडद भाजलेली कॉफी दळा, मग फिकट भाजलेली घाला आणि बाहेर येणारी पूड दोन-दोन ग्रॅमच्या ढिगांत पांढऱ्या कागदावर मांडा. रंग कुठे स्थिरावतो ते डोळ्यांना दिसतं. तेवढा तुमचा पर्ज. वजनावर मात्र विसंबू नका. १८ ग्रॅम दाणे घातले आणि १८ ग्रॅम पूड मिळाली, तरी त्यातले काही ग्रॅम आधीचे असू शकतात. तेवढेच नवे आत थांबलेले असतात. ‘माझ्या ग्राइंडरमध्ये काहीच अडकत नाही’ ही समजूत बहुतेकदा या तराजूतून येते.

यात कॉफी वाया जाते, हे खरं आहे. २५० ग्रॅमच्या पिशवीत १८ ग्रॅमचे जेमतेम १३ डोस असतात, तिथे प्रत्येक ४ ग्रॅम जाणवतात. त्यामुळे माझा आग्रह असा, की बदल कमी वेळा करावेत आणि दर बदलानंतर पुरता पर्ज करावा. अर्धवट पर्ज सगळ्यात महाग, कारण त्यापायी अख्खा शॉट ओतून द्यावा लागतो. आणि सेटिंग न बदलताही सकाळच्या पहिल्या कपाआधी पर्ज हवाच: रात्रभर यंत्रात राहिलेल्या पुडीचा सुगंध उडालेला असतो. मोजून दाणे घालण्याच्या घरगुती ग्राइंडरला वर रबरी भाता असेल, तर दळण संपता संपता तो दोन-तीनदा दाबावा. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक बारीक फवारा मारला, तर स्थिर वीज कमी होते आणि नळीला चिकटणारी पूडही घटते.