पावडर की स्प्रे?

मे महिन्यातलं लग्न, हॉल ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधला. दुपारचा मुहूर्त आणि रात्री रिसेप्शन. इतका वेळ मेकअप टिकवायचा कसा?

सेटिंग पावडर चेहऱ्याचं तेल शोषते. सेटिंग स्प्रे सुकल्यावर मेकअपवर पातळ थर धरतो, पण तेल शोषत नाही. म्हणून दोन्ही वापरा. कपाळ, नाक, हनुवटीवर पावडर हलकेच दाबा. डोळ्यांखाली अगदी थोडी, नाहीतर सुरकुत्यांत साचते. मग हातभर अंतरावरून स्प्रे मारा आणि पूर्ण सुकू द्या.

मुंडावळ्यांखाली घाम आला, तर आधी टिश्यूने टिपा. ओल्या चेहऱ्यावर पावडर लावली, तर तिचे डाग पडतात. रिसेप्शनआधीही हाच क्रम: टिपणं, किंचित पावडर, शेवटी स्प्रे.