चित्राचे उत्तर आणि टाळलेला प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



गिरणगावात दारसभेचे दिवस पाहिलेले जुने कार्यकर्ते चिठ्ठीची पद्धत विसरलेले नाहीत. भाषण चालू असताना श्रोत्यांतून घडी घातलेला कागद हातोहात पुढे जाई आणि वक्त्याला तो वाचावा लागे. वक्ता चिडो, विनोद करो वा वेळ मारून नेवो, प्रश्न कागदावर असे, आणि उत्तर मिळाले की नाही हे मैदानातल्या सर्वांना कळत असे. आज चाळीचा प्रश्न व्हॉट्सॲपच्या गटावर विचारला जातो. तेथे उत्तर म्हणून स्टिकर येते, मीम येते किंवा दोन सेकंदांचे हलते चित्र येते. अशा उत्तराने प्रश्नाचे नेमके काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

परळमधील एका जुन्या चाळीचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे; परंतु गिरगावापासून लालबागपर्यंत ज्यांच्या इमारती पुनर्विकासात गेल्या आहेत, त्यांना ते अपरिचित वाटणार नाही. चाळ पाडली गेली आहे आणि चौसष्ट भाडेकरू बाहेर भाड्याने राहत आहेत. विकासकाने प्रत्येकाला दरमहा 25 हजार रुपये भाडे द्यावयाचे असा करार आहे, आणि तीन महिने ते आलेले नाही. रात्री नऊच्या सुमारास एक भाडेकरू बाई गटावर लिहितात, "तीन महिन्यांचे भाडे थकले आहे. समितीने विकासकाला लेखी नोटीस दिली आहे काय?"

प्रश्न लहान आहे, रक्कम लहान नाही. एका घराचे 75 हजार, चौसष्ट घरांचे 48 लाख. घरमालकाचे भाडे तर भाडेकरूंना दर महिन्याला द्यावेच लागते. म्हणजे गिरणी कामगारांच्या मुलासुनांनी विकासकाला 48 लाखांचे बिनव्याजी कर्ज दिले आहे आणि ते दरमहा 16 लाखांनी वाढत आहे.

पहिले उत्तर अध्यक्षांचे येते : गणपतीचे चित्र आणि खाली 'बाप्पा सर्व ठीक करील'. पाठोपाठ एक तरुण 'अशी ही बनवाबनवी'तील धनंजय माने यांचे हलते चित्र टाकतो. त्यावर दहा-अकरा जण हसरे चेहरे डकवतात. कोणी जोडलेले हात पाठवतो. शेवटी गुलाबाच्या फुलासह 'शुभ रात्री'. मोबाइलच्या पडद्यावर अशी चार-पाच चित्रे आली की मूळ प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. साडेनऊनंतर गट उघडणाऱ्याला फक्त हशा दिसतो. कशाबद्दल, ते दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1988 सालचा तो चित्रपट मुळात घरटंचाईचा आहे. राहायला जागा मिळावी म्हणून दोन पुरुषांना बायकांचे सोंग घ्यावे लागते, ही त्याची गोष्ट. घरासाठी केलेल्या धडपडीवरचा विनोद घराचाच प्रश्न बुजवण्यासाठी वापरला जावा, हे तरुणाच्या ध्यानातही आलेले नसते. त्याच्या मनात वाईट काही नसते. वातावरण तंग झाले, ते सैल करावे, एवढाच त्याचा हेतू असतो.

आता चित्र नेमके काय करते ते पाहू. "नोटीस दिलेली नाही" असे वाक्य लिहिले तर लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते. "दिली आहे" असे लिहिले आणि ते खोटे निघाले तर तीही येते. वाक्याला कर्ता असतो, काळ असतो, होकार वा नकार असतो. जोडलेल्या हातांना यांपैकी काहीच नसते. त्यांचा अर्थ नमस्कार, आभार, विनवणी, क्षमा असा काहीही होऊ शकतो. मराठीत कोपरापासून नमस्कारही असतोच. उत्तर दिल्याचा देखावा होतो आणि उत्तराचे दायित्व मात्र कोणावरच येत नाही. शिवाय भार उलटा फिरतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारले, तर "काकू, जरा हसा की" असे लिहिणारा कोणी तरी निघतो. हसल्या तर प्रश्न संपला. न हसल्या तर त्या भांडखोर ठरल्या.

सौम्य करणे आणि टाळणे यांत फरक आहे, आणि तो ओळखणे अवघड नाही. अध्यक्षांनी लिहिले असते, "नोटीस अजून दिलेली नाही, चूक झाली, सोमवारी देतो," आणि त्याखाली जोडलेले हात टाकले असते, तर त्या हातांनी कटुता कमी केली असती. उत्तरानंतर आलेले चित्र बोल सौम्य करते. उत्तराच्या जागी आलेले चित्र ते गिळून टाकते. शंका असल्यास चित्राचे वाक्यात भाषांतर करून पाहावे. त्या वाक्यात कोण, केव्हा, किती यांपैकी विचारलेले काही सापडले नाही, तर ते उत्तर नव्हे. अर्थात, ज्या वृद्धांना मोबाइलवर मराठी लिहिणे जड जाते त्यांचा अंगठा याच मापाने मोजू नये. "वाचले" एवढेच त्यांना सांगावयाचे असते.

परंतु या अंगठ्याचीच दुसरी बाजू आहे. जे चित्र पाठवणाऱ्याला निसरडे वाटते, ते प्रसंगी त्यालाच बांधून टाकते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात 2021 साली धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाच्या कराराचे छायाचित्र शेतकऱ्याला पाठवून दुजोरा मागितला. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. पुढे बाजारभाव चढला आणि माल काही आला नाही. करार मिळाला एवढेच आपण कळवले होते, असे त्याचे म्हणणे. 2023 साली न्यायालयाने तो अंगठा स्वीकृती मानला आणि सुमारे 82 हजार डॉलरची भरपाई ठरवली. 2024 साली अपील न्यायालयानेही तेच कायम केले. त्याच शेतकऱ्याने पूर्वीचे करार एकदोन शब्दांच्या होकाराने मान्य करून पाळले होते, हे निर्णायक ठरले. उलट 2024 सालीच मद्रास उच्च न्यायालयाने रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाचा अंगठा ही निव्वळ पोच मानली. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येविषयीच्या संदेशावर त्याने तो डकवला होता व त्यापायी त्याची नोकरी गेली होती. चिन्ह एकच, अर्थ मागच्यापुढच्या व्यवहारावरून ठरला.

चाळीत याचा बोध सरळ आहे. "कराराचा सुधारित मसुदा जोडला आहे, हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवा," असा संदेश आला आणि वीस जणांनी वाचल्याची खूण म्हणून अंगठे टाकले, तर उद्या विकासक ते अंगठे संमती म्हणून दाखवणार नाही, याची हमी कोणी द्यावी? तेथे "वाचले, संमती नाही" हे तीन शब्दच लिहावे लागतात.

हा दोष फक्त समित्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या कार्यकर्त्यांच्या गटावरही निधीचा हिशोब मागितला की आवळलेल्या मुठीचे चित्र येते. मूठ कितीही घट्ट असली तरी तिच्यात पावतीपुस्तकाचा क्रमांक नसतो.

परळच्या त्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारावे कसे? चित्राला उत्तर देता येऊ नये अशा रीतीने. "भाड्याचे काय झाले?" या प्रश्नाला गणपती चालतो. "नोटीस दिली असल्यास तिचा जावक क्रमांक व तारीख कळवावी, दिली नसल्यास कोणत्या तारखेस देणार ते कळवावे," या प्रश्नाला तो चालत नाही. तेवढे लिहून झाल्यावर हाच मजकूर कागदावर उतरवावा, आणखी पाच-दहा भाडेकरूंच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत समितीच्या सचिवांकडे द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात त्या पत्राची नोंद मागता येते. स्टिकरची नोंद आजवर कोणत्या इतिवृत्तात झालेली ऐकिवात नाही.