गळती कुठे लागते?

नळाचे पाणी टाकीतून पूर्ण दाबाने निघावे आणि घरात पोहोचताना करंगळीएवढी धार उरावी, तसे हल्ली अनेक पाहणी-अर्जांचे होते. मोबाइलवर दुवा येतो, माणूस तो उघडतो, दोन पाने भरतो आणि मध्येच कुठेतरी निघून जातो. अर्ज पाठवणाऱ्याच्या हाती फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांची उत्तरे लागतात आणि तो म्हणतो, ‘लोकांचे मत असे आहे.’ आज मला बोलायचे आहे ते मध्येच निघून गेलेल्यांविषयी. ते कुठून गेले आणि जाण्यापूर्वी किती वेळ बसले होते, याची नोंद राहते. ती वाचता आली तर अर्ज नेमका कुठे कापायचा ते कळते.

मी ज्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, तिथलेच उदाहरण घेतो. प्रश्न साधा पण नाजूक होता. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे असते. खर्च वाढला, म्हणून ते सातलाच बंद करावे, असा प्रस्ताव आला. सभासद अठराशे. त्यांचे मत घ्यायचे ठरले आणि मत घ्यायचेच आहे तर सगळेच विचारून घेऊ, असे म्हणता म्हणता चौतीस प्रश्नांचा, सात पानांचा अर्ज तयार झाला. समितीत बसून अर्ज लिहिला की असेच होते. प्रत्येकाचा एक लाडका प्रश्न असतो आणि दुसऱ्याचा लाडका प्रश्न काढा असे म्हणायला कोणी धजावत नाही.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. एक म्हणजे दुवा सगळ्यांना एकदम धाडला नाही. सभासद क्रमांक सम असलेल्या नऊशे जणांनाच आधी पाठवला. दुसरी म्हणजे साधन विचारपूर्वक निवडले. गूगल फॉर्म्समध्ये अर्ज मांडणाऱ्याला फक्त पूर्ण भरून पाठवलेले अर्ज आणि ते पाठवल्याची वेळ एवढेच दिसते. अर्ध्यावर सोडणारा तिथे दिसतच नाही. म्हणून त्यांनी लाइमसर्व्हे हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले. त्यात अपुरे अर्जही साठतात आणि Save timings हा पर्याय सुरू ठेवला तर प्रत्येक पानावर गेलेला वेळही नोंदला जातो. अशी नोंद ठेवली जाईल, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. माणसाच्या नकळत त्याच्याकडे घड्याळ लावून बसणे मला तरी पटत नाही.

चारशे जणांनी अर्ज भरायला घेतला. पुरा केला एकशे ऐंशींनी. निम्म्याहून अधिक मंडळी वाटेत गळाली. अध्यक्ष म्हणाले, “अहो, लोकांना हल्ली वेळच नसतो.” बाई म्हणाल्या, “वेळ किती लागला तेच आधी पाहू या ना, अण्णा.”

अर्ज पुरा करायला लागलेल्या वेळेची सरासरी आली चाळीस मिनिटे! सगळे चकित. पण तपासल्यावर कळले, सात-आठ जण अर्ज उघडा ठेवून झोपी गेले होते आणि सकाळी उठून त्यांनी तो पाठवला होता. त्यांच्या अकरा-अकरा तासांनी सरासरी फुगली होती. म्हणून वेळ मोजताना सरासरी घेत नाहीत, मध्यक घेतात. सगळे वेळ लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे आणि बरोबर मधला उचलायचा. कोणी रात्रभर झोपला तरी मधला माणूस जागचा हलत नाही. आमचा मध्यक निघाला सुमारे दहा मिनिटे. निमंत्रणात मात्र ‘फक्त पाच मिनिटे’ असे छापले होते. पाच मिनिटांच्या तयारीने बसलेला माणूस सहाव्या मिनिटाला उठला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

आता गळती. इथे सरळ ‘या पानावर इतके गेले’ असे मोजले तर फसगत होते, कारण पुढच्या पानांवर मुळात माणसेच कमी पोहोचतात. म्हणून विचारायचे असे, की या पानावर जे आले, त्यांतले शेकडा किती इथूनच परत गेले? पहिल्या पानावर चारशेंपैकी चाळीस गेले, म्हणजे दहा टक्के. हे नुसते डोकावणारे, ते असायचेच. दुसऱ्या पानावर पाच टक्के. तिसऱ्या पानावर तीनशे बेचाळीस पोहोचले आणि त्यांतले शहाण्णव तिथेच थांबले. अठ्ठावीस टक्के! पाचव्या पानावर पंधरा टक्के. बाकी पाने तीन ते सहा टक्क्यांच्या आत.

नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘पुढे’ हे बटण दाबल्याशिवाय त्या पानावरची उत्तरे साठत नाहीत. म्हणजे नोंदीत शेवटचे दिसते ते माणसाने ओलांडलेले पान. त्याचा पाय अडकला तो त्याच्या पुढच्या पानात. दुसऱ्या पानाशी नोंद संपली म्हणून दुसऱ्या पानावर कुऱ्हाड चालवली, तर निरपराध पान मारले जाईल आणि खरे दुखणे तसेच राहील. शिवाय तिसऱ्या पानाचा वेळ आपल्याला कळतो तो फक्त ते पार करणाऱ्यांचा. आमच्याकडे तो तीन मिनिटे वीस सेकंद होता. जे कंटाळून गेले, ते तिथे किती वेळ झगडले, ते त्या आकड्यात नाहीच.

होते तरी काय त्या तिसऱ्या पानावर? एक कोष्टक. डावीकडे कादंबरी, कविता, चरित्र, प्रवासवर्णन अशा बारा ओळी, वर ‘अत्यंत आवडते’पासून ‘मुळीच आवडत नाही’पर्यंत पाच रकाने. संगणकावर ते देखणे दिसे. मोबाइलवर मात्र उजवीकडचे दोन रकाने पडद्याबाहेर जात आणि बोटाने ओढावे लागत. ज्यांनी ते भरले, त्यांतल्याही पुष्कळांनी बारा ओळींत एकाच रकान्यात खुणा केल्या होत्या. काहींनी तर ते अर्ध्या मिनिटात उरकले होते.  (कवितेच्या ओळीत काय पडले, ते मी आधी पाहिले हे कबूल. पण तशा खुणांतून कवितेचे काय कळणार?) म्हणजे या पानाने माणसेही घालवली आणि उरलेल्यांची उत्तरेही बिघडवली. त्याच्या जागी एकच प्रश्न आला: कोणत्या तीन विषयांची पुस्तके वाढावीत?

पाचव्या पानाचा न्याय इतका सोपा नव्हता. तिथे गेल्या वर्षी वाचलेली पाच पुस्तके लेखकांच्या नावांसह लिहायची होती. माणसे त्या प्रश्नामुळे गेली, की तिथवर येता येता दमली होती म्हणून गेली? गळतीचा आकडा हे सांगत नाही. मिर्ता गालेशिच आणि मिखाएल बोस्नियाक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रश्नांच्या गटांची जागा अदलून-बदलून पाहिली होती. तेच प्रश्न शेवटाकडे आले, की लोक ते घाईने उरकत, थोडक्यात लिहीत आणि एकसारख्या खुणा करीत. तेव्हा दमणे खरेच असते. उपाय तोच, जागा बदलून पाहणे. आम्ही उरलेल्या नऊशेंतल्या साठ जणांना हे पान दुसऱ्या क्रमांकावर ठेवून अर्ज पाठवला. ताजी माणसेही तिथे आली की तशीच उठून जात होती. साठ जणांवरून टक्केवारी काढून मिरवू नये, दोन-चार माणसांनी ती हलते. पण दोष प्रश्नातच आहे, एवढे कळायला ते पुरेसे होते. मग बाईंनी विचारले, “देवघेवीची नोंद आपल्याच संगणकावर आहे. ती यांच्याकडून पुन्हा कशाला लिहून घ्यायची?” ते पान गेले.

उलट ज्या पानावर गळती कमी, ते निर्दोष, असेही समजू नये. वाचनालयाच्या वेळेचा खरा प्रश्न सहाव्या पानावर होता. तिथे गळती अवघी तीन टक्के. कारण घाईची, थकलेली, मोबाइलवर भरणारी माणसे आधीच गेली होती. उरले होते ते चिवट.

आणि इथेच या साऱ्या खटाटोपाचे कारण आहे. ‘तुम्ही वाचनालयात केव्हा येता?’ हा प्रश्न पहिल्याच पानावर होता, त्यामुळे गेलेल्यांचीही तेवढी ओळख आमच्याकडे राहिली. पहिले पान ओलांडणाऱ्या तीनशे साठांत संध्याकाळी सातनंतर येणारे दीडशे होते. त्यांतल्या फक्त पंचेचाळिसांनी अर्ज पुरा केला. इतर वेळी येणारे दोनशे दहा, त्यांतल्या एकशे पस्तिसांनी. दुकानातून, कारखान्यातून सुटून येणारा माणूस बसमध्ये उभा राहून ते कोष्टक भरणार होता का? पुऱ्या झालेल्या अर्जांत नव्व्याण्णव जणांना, म्हणजे पंचावन्न टक्क्यांना, सातला बंद करणे मान्य होते. ज्यांची वेळ जाणार होती, त्यांतले बहुतेक तो प्रश्न समोर येण्याआधीच गळाले होते.

नवा अर्ज झाला बारा प्रश्नांचा, तीन पानांचा. वेळेचा प्रश्न दुसऱ्या पानावर आणला. निमंत्रणात ‘सुमारे चार मिनिटे’ लिहिले आणि मध्यक साडेतीनच्या आत आला. उरलेल्या आठशे चाळीस सभासदांना तो गेला. तीनशे ऐंशींनी भरायला घेतला, तीनशे बारांनी पुरा केला. त्यांत सातनंतर येणारे एकशे सव्वीस होते. या वेळी सातला बंद करायला हो म्हणणारे निघाले एकशे त्रेचाळीस, म्हणजे शेचाळीस टक्के.

गंमत अशी, की कोणाचेच मत बदललेले नव्हते. दोन्ही खेपांना संध्याकाळच्या वाचकांत हो म्हणणारे दहांत एक आणि इतरांत दहांत सात. बदलले होते ते टिकलेल्या माणसांचे प्रमाण. पहिल्या अर्जात चौघांत एक संध्याकाळचा होता, दुसऱ्यात पाचांत दोन.

प्रस्ताव सध्या बाजूला ठेवला आहे. बाईंनी मात्र बैठकीत एक गोष्ट बजावली. ज्यांनी दुवा उघडलाच नाही, ते दोन्ही खेपांना निम्म्याहून अधिक आहेत. त्यांचा वेळ नाही, पान नाही, काहीच नोंद नाही आणि अर्ज आणखी छोटा करून ते सापडायचे नाहीत. म्हणून आता तेच बारा प्रश्न कागदावर छापून देवघेवीच्या टेबलावर ठेवले आहेत. शेजारी दोरीला बांधलेले पेन आहे. सातनंतर तिथे कोण ना कोण वाकून लिहीत असतो.