उन्हातला प्रवास, डोकेदुखी आणि पाणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्याकडील बहुतेक लग्नकार्ये वैशाख-ज्येष्ठात होतात आणि त्यांसाठी आपण ऐन उन्हात लांबचे प्रवास करतो. कार्यघरी पोहोचताच दोनचार माणसे डोके धरून बसलेली दिसतात, व त्यांत स्त्रियाच अधिक असतात. ‘पित्त झाले’ असे म्हणून आपण कपाळाला सुंठेचा लेप लावतो. परंतु यांतील पुष्कळांचे दुखणे पित्ताचे नसून तहानेचे असते. त्याविषयीच मी आज चार शब्द बोलणार आहे.

गेल्या वैशाखात माझी धाकटी भावजय जळगावहून पुण्यास बसने आली. सकाळी सहाला एक कप चहा घेऊन ती निघाली, आणि सायंकाळी घरी येईपर्यंत दोनचार घोटांपलीकडे पाणी प्याली नाही. पाण्याची बाटली पिशवीत भरलेली होती; परंतु वाटेतल्या स्थानकांवर स्त्रियांना जाण्याजोगी सोय नसते, म्हणून तिने तहान दाबून ठेवली. आल्यावर डोके ठणकू लागले. वाकले की कळ वाढे, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. घरच्यांनी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी दिली. मग तिने तांब्याभर गार पाणी घटाघटा प्यायले, आणि लगेच ओकून टाकले.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, “लघवीला केव्हा गेली होतीस?” ती म्हणाली, “भाऊजी, सकाळी निघताना. आणि आता आल्यावर झाली ती थोडी व गडद पिवळी.” निदानाला एवढे पुरेसे होते.

घामावाटे केवळ पाणी जात नाही, त्याबरोबर मीठही जाते. भरपाई झाली नाही तर रक्तातील पाणी घटते. मेंदूही किंचित आकसतो व त्याच्या भोवतालच्या संवेदनाशील आवरणांवर ताण पडून डोके दुखते, असे मानले जाते. गोळीने कळ काही काळ दबते, पाणी भरून येत नाही. शिवाय आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीर कोरडे असताना घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

मी ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली. पहिली दहा मिनिटे तिला चमच्याचमच्याने दिली. ओकारी थांबल्यावर दर पंधरा मिनिटांनी अर्धा पेला. दीड तासाने डोके उतरले, आणि रात्री लघवी फिकट झाली. अशी डोकेदुखी योग्य भरपाईने अर्ध्या ते तीन तासांत बहुधा थांबते. न थांबल्यास कारण दुसरे समजावे.

साखर व मीठ एकत्र का, असे कोणी विचारील. आतड्यात ग्लुकोज मिठातील सोडियमला आपल्याबरोबर रक्तात ओढून नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना हेच मिश्रण तोंडावाटे देऊन असंख्य प्राण वाचवले.

पुडी न मिळाल्यास एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. चव अश्रूंहून खारट लागली तर ते टाकून द्यावे; अधिक मीठ घातक आहे. तक्रार सौम्य असेल तर साधे पाणी आणि जोडीला मिठाचे ताक किंवा पन्हे पुरे. खोक्यातली गोड पेये मात्र ओ.आर.एस. नव्हेत, पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे काय, ते पाहावे. याउलट, तासन् तास घाम गाळून नुसतेच पाणी लिटरांवर लिटर प्यायल्यास रक्तातील सोडियम उतरते, व डोकेदुखी आणि मळमळ उलट वाढते. हृदयविकार, मूत्रपिंडविकार, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी असे मिश्रण घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे.

एक इशारा मात्र ध्यानी धरावा. अंग तापून माणूस बरळू लागला, किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप व मान ताठरणे, अथवा एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, यांतही पाण्यावर विसंबू नये.

शेवटची विनंती वऱ्हाड नेणाऱ्या बंधूंना आहे. गाडी ठरविताना दर दोन-तीन तासांनी स्त्रियांना निःसंकोच उतरता येईल असे थांबे आधीच ठरवा, आणि ते निघण्यापूर्वी त्यांना सांगा. बाटली भरून देणे सोपे आहे. ती रिकामी करण्याची मोकळीक देणे हे आपले काम आहे.