साठावा दिवस



लातूर शहरात चोरीच्या आरोपावरून एका इसमास पोलिसांनी पकडले आणि ३ मार्च रोजी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, असे आपण समजू. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यास कोठडीत पाठविले. आता पोलिसांस तपास पुरा करून आरोपपत्र दाखल करण्यास किती अवधी आहे? चोरीसारख्या गुन्ह्यास साठ दिवस. देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास ज्यास सांगितला आहे, अशा गुन्ह्यास नव्वद दिवस. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे.

दिवस मोजावयाचे ते अटकेपासून नव्हेत, तर पहिल्या कोठडीच्या हुकुमापासून; आणि तो हुकुमाचा दिवसही हिशेबात धरावयाचा. हा शेवटचा मुद्दा पुष्कळ वर्षे वादात होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निकालात काढला. आमच्या इसमाचे मार्चातले एकोणतीस दिवस व एप्रिलचे तीस मिळून एकोणसाठ झाले. साठावा दिवस १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीचा! परंतु सुट्टी आहे म्हणून पोलिसांस एक दिवस अधिक मिळत नाही. २ मे उजाडला, आरोपपत्र नाही, की आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त झाला. पुरावा किती भक्कम आहे, मनुष्य भला की बुरा, हे प्रश्न येथे विचारावयाचेच नाहीत. नेहमीचा जामीन न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून असतो. हा केवळ काळ उलटल्याने मिळतो.

मात्र हक्क उत्पन्न झाला एवढ्याने तुरुंगाचे दार उघडत नाही. तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. २ मे रोजी सकाळी अर्ज दिला आणि दुपारी पोलीस आरोपपत्र घेऊन आले, तर अर्जाचीच बाजू वरचढ. याच्या उलट झाले तर हक्क संपला. मुंबईतील उदय आचार्य यांच्या खटल्यात अर्ज १७ ऑगस्ट २००० रोजी दिला होता. तो चुकीने नामंजूर झाला, आणि पुढील वाद चालू असतानाच ३० ऑगस्टला आरोपपत्र आले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बहुमताने ठरविले की, ज्याने वेळेवर मागितले त्याने हक्क बजावला. न्यायालयाच्या विलंबाने तो बुडत नाही.

आता नांदेडचा खटला पाहू, कारण तेथे हीच घडी दुसऱ्या बाजूने दिसते. जुलै २०१६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने परभणीच्या काही तरुणांस अटक केली. नांदेडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रकरण चालले. मध्यंतरी, सप्टेंबरात, केंद्र सरकारने तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे सोपविण्याचा हुकूम काढला. परंतु कागदपत्रे प्रत्यक्षात हाती जाईपर्यंत पथकाचे काम चालूच राहिले, आणि ७ ऑक्टोबर रोजी, म्हणजे नव्वद दिवसांच्या आत, पथकानेच नांदेडला आरोपपत्र दाखल केले. आरोपींचे म्हणणे असे की, तपास दुसऱ्या संस्थेकडे गेल्यावर पथकास हा अधिकारच उरला नव्हता, आणि न्यायालयही चुकीचे होते. म्हणून ते आरोपपत्र कायद्याच्या दृष्टीने नव्हतेच, नव्वद दिवस फुकट गेले आणि आम्हांस जामीन हवा. युक्तिवाद चतुर खरा. पण तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१८ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२१ रोजी तो मान्य केला नाही. नवी संस्था प्रत्यक्ष तपास हाती घेईपर्यंत जुन्या पथकाने तो चालू ठेवणे योग्यच होय, असे न्यायालयाने म्हटले. तपास मध्येच थांबला असता, तर दिवस मात्र चालूच राहिले असते, हे ध्यानात घ्यावे.

मला या निकालात न्यायालयाचा निष्कर्ष पटतो. तथापि एक गोष्ट खटकते. कोणत्या यंत्रणेने काय करावे याचा घोळ सरकारी कचेऱ्यांत होतो, आणि त्याची झळ कोठडीत बसलेल्यास लागते.

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अशा प्रकरणांत आणखी एक वाट आहे. तेथे नव्वद दिवस एकशे ऐंशीपर्यंत वाढविता येतात, पण सरकारी वकिलाने तपासाची प्रगती व कोठडीची कारणे लिहून न्यायालयास अहवाल दिला तरच. केवळ पोलीस अधिकाऱ्याचे पत्र पुरत नाही.

लातूरच्या आपल्या इसमाकडे परत येऊ. वकिलाने २ मे रोजी सकाळी अर्ज दिला, न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन मंजूर केला व जामीनदार आणण्यास सांगितले. खेड्यातून आलेल्या त्याच्या भावाजवळ शेताचा सातबारा नाही. जामीनदार मिळविण्यात दिवस गेले, आणि तेवढ्यात आरोपपत्र आले. मग हुकूम हातात असूनही हा हक्क गमावला जातो, व त्यास नेहमीच्या जामिनासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.