मध्येच उठलेला आवाज



विनोदी कार्यक्रम ऐन रंगात आला असता प्रेक्षागृहातून कोणीतरी मोठ्याने शेरा मारतो, आणि क्षणभर सारी सभा श्वास रोखून रंगमंचाकडे पाहते. त्या क्षणी कलावंताने काय करावे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या तमाशात या प्रश्नाचे उत्तर रचनेतच आहे. सोंगाड्या मुळातच प्रेक्षकांशी बोलत असतो. मागून आलेला शब्द त्याच्या बतावणीत सहज सामावतो. १९६५ साली रंगमंचावर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात दादा कोंडके यांनी हजरजबाबीपणाच्या जोरावर हवालदार गाजविला, त्यामागे हीच परंपरा होती. एकपात्री प्रयोग करणाऱ्याला मात्र ना मौशीची साथ, ना ढोलकीचा आधार. त्याला ती जागा स्वतःच निर्माण करावी लागते.

समजा, मुंबई-आग्रा रस्त्यावरील आमच्या धामनोद गावी गणेशोत्सवाच्या मांडवात दोनशे माणसे बसली आहेत. कलावंत एस. टी.च्या प्रवासाची गोष्ट सांगत आहे, आणि शेवटच्या रांगेतून आवाज येतो, “अहो, हा विनोद जुना आहे!”

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की हे वाक्य फार तर मागच्या तीस-चाळीस जणांनी ऐकले आहे. पुढच्या रांगांना केवळ गलका कळला. कलावंताने तेवढ्यावर उत्तर फेकले, तर बहुसंख्य प्रेक्षकांना तो विनाकारण कोणावर तरी डाफरला असे वाटते. म्हणून आधी ते वाक्य ध्वनिक्षेपकावरून शांतपणे सर्वांना ऐकवावे : “मागून एक गृहस्थ म्हणतात, विनोद जुना आहे.” एवढ्याने सारी सभा पुन्हा एका गोष्टीकडे पाहू लागते, आणि उत्तर सुचण्यास दोन क्षणही मिळतात. मग म्हणावे, “खरे आहे. मागच्या वेळीही ते शेवटच्याच रांगेत होते.”

हे उत्तर लहान आहे, आणि त्यात त्या गृहस्थाच्या रूपाला, कपड्यांना वा बरोबरच्या मंडळींना स्पर्श नाही. उत्तर अपराधापेक्षा जड झाले, की प्रेक्षकांची सहानुभूती तत्काळ पलीकडे जाते. तो माणूस त्यांच्यातलाच, त्यांच्यासारखेच अंधारात बसलेला. कलावंताच्या हाती मात्र ध्वनिक्षेपक आहे. वर्गात एका मुलावर अर्धा तास रागावणाऱ्या शिक्षकाची उरलेली चाळीस मुले कशी दुरावतात, हे आम्ही मास्तर मंडळी चांगले जाणतो. हशा ओसरताच गोष्ट जेथे तुटली त्याच वाक्यापासून पुढे न्यावी. त्या गृहस्थाकडे पुन्हा पाहू नये. पाहिले, की ते त्याला पुढच्या शेऱ्याचे आमंत्रण वाटते.

परंतु प्रत्येक आवाज खोडसाळ नसतो. “ऐकू येत नाही!” ही ओरड तक्रार आहे, तिची थट्टा न करता कर्णा नीट करून घ्यावा. तोच माणूस तिसऱ्यांदा ओरडला, तर विनोद पुरे झाला असे समजावे. प्रेक्षक माना वळवून मागे पाहू लागले, हशाऐवजी केवळ टाळ्या येऊ लागल्या, म्हणजे सभा हातची जात आहे. तेव्हा साध्या स्वरात सांगावे, “एवढी गोष्ट मला पुरी करू द्या,” आणि पुढचे काम आयोजकांच्या स्वयंसेवकांवर सोपवावे. ते त्याला बाहेर नेत असता एक अक्षरही बोलू नये. त्यानंतर लांब गोष्ट न घेता दोन ओळींचा हमखास विनोद सांगावा. कारण शंकित झालेल्या सभेला आधी एकत्र हसण्याची गरज असते.

या कौशल्याची एक सीमाही आहे. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलावंताचा कार्यक्रम काही जणांनी रंगमंचापर्यंत येऊन बंद पाडला. कलावंताला अटक झाली, आणि ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देईपर्यंत तो तुरुंगात होता. अशा वेळी समोरचा माणूस शेरा मारण्यास आलेला नसतो, तर कार्यक्रम थांबविण्यास आलेला असतो. तेथे हजरजबाबीपणा आगीत तेल ओततो. बोलणे थांबवावे, आयोजकांना पुढे येऊ द्यावे आणि प्रेक्षक सुखरूप बाहेर पडतील हे पाहावे.

शेरा मारणाऱ्याला हसवावे, कार्यक्रम मोडणाऱ्याशी वाद घालू नये, आणि या दोहोंतला भेद पहिल्या दोन वाक्यांतच ओळखावा. मांडवातील उरलेले एकशे नव्याण्णव लोक कलावंताकडे तेवढ्याचीच अपेक्षा करतात.